पद्धत बरोबर, चिन्ह चुकले: बीजगणितात टप्प्यांचे गुण कसे द्यावेत

दहावीच्या बीजगणिताचा गठ्ठा तपासताना सर्वात जास्त वेळ कोऱ्या किंवा पूर्ण चुकलेल्या उत्तरांवर जात नाही. तो जातो अशा उत्तरांवर, ज्यात मुलाने सूत्र बरोबर लिहिले, किमती बरोबर ठेवल्या आणि मध्येच कुठेतरी उणेचे अधिक झाले. शेवटचे उत्तर चूक, पण सात ओळींपैकी सहा ओळी बरोबर. अशा उत्तराला एकाच शाळेतले दोन शिक्षक तीनपैकी एक आणि अडीच असे गुण देतात, आणि दोघांनाही आपले बरोबर वाटते. हा फरक मुलाच्या दृष्टीने फार मोठा आहे. तो टाळायचा तर तपासण्याआधी, तपासताना आणि तपासून झाल्यावर नेमके काय करायचे, ते एका उदाहरणावरून सविस्तर पाहू.

नियम एका वाक्यात सांगता येतो: चुकीचे गुण ती जिथे घडली तिथे, एकदाच कापायचे आणि त्यापुढची प्रत्येक ओळ मुलाच्या स्वतःच्या आकड्यांवरून तपासायची. सीबीएसईच्या गुणदान सूचनांमध्येही हेच सांगितलेले असते, की एका चुकीच्या पुढच्या परिणामाबद्दल पुन्हा गुण कापू नयेत. इंग्लंडमधल्या शालेय परीक्षा मंडळांनी पद्धतीचे गुण आणि अचूकतेचे गुण असे दोन प्रकारच वेगळे केले आहेत. नियम सोपा आहे, पण गठ्ठ्यातल्या खऱ्या उत्तरांना लावायला घेतला की अडचणी दिसू लागतात. पुढचा लेख त्या अडचणींबद्दलच आहे.

तपासण्याआधी: प्रश्नाचे तुकडे पाडा

हा नेहमीचा तीन गुणांचा प्रश्न घेऊ: सूत्राचा वापर करून सोडवा, 2x² − 5x − 3 = 0.

उदाहरण मुद्दाम हेच निवडले आहे. यात b आणि c दोन्ही ऋण आहेत, त्यामुळे चिन्ह चुकायला किमान तीन जागा आहेत. गंमत म्हणजे चिन्ह चुकले तरी बहुतेक वेळा उत्तर सुटसुटीत येते, म्हणून मुलाला शंकाही येत नाही.

बरोबर उत्तर असे: a = 2, b = −5, c = −3. b² − 4ac = (−5)² − 4(2)(−3) = 25 + 24 = 49. मग x = (5 ± 7)/4, म्हणजे x = 3 किंवा x = −1/2.

आता याचे गुण कागदावर पाडून घ्या. मी असे पाडतो. तुलना करून a, b, c लिहिल्याबद्दल अर्धा. b² − 4ac मध्ये किमती ठेवल्याबद्दल अर्धा. त्याची किंमत 49 आल्याबद्दल अर्धा. सूत्र लिहिल्याबद्दल अर्धा. सूत्रात किमती बरोबर ठेवल्याबद्दल अर्धा. दोन्ही मुळे काढल्याबद्दल अर्धा. एकूण तीन.

इथे विवेचकाच्या एका गुणाचे दोन अर्धे केले आहेत, ते महत्त्वाचे आहे. बऱ्याच नमुना उत्तरांत "b² − 4ac = 49" यापुढे एकदम एक गुण लिहिलेला असतो. तो तसाच ठेवला, तर 25 − 24 लिहिणाऱ्या मुलाचे काय करायचे ते ऐन वेळी ठरवावे लागते, आणि ऐन वेळचा निर्णय दर उत्तरपत्रिकेला बदलतो. म्हणून जिथे चिन्ह चुकू शकते तिथे "काय करायचे हे कळले" आणि "ते अचूक केले" असे दोन भाग आधीच वेगळे करा. जिथे चुकायला जागाच नाही, उदाहरणार्थ नुसते सूत्र लिहिणे, तिथे तुकडे पाडण्याची गरज नाही.

बोर्डाच्या पेपरांसाठी मंडळाची गुणदान योजना आणि नियामकांच्या सूचना असतात, तिथे त्याच पाळायच्या. ही विभागणी शाळेच्या चाचण्या, सत्र परीक्षा आणि सराव पेपरांसाठी आहे, जिथे योजना आपणच बनवतो.

तपासताना: पहिली चुकलेली ओळ शोधा

शेवटच्या ओळीकडे आधी पाहू नका. तिकडे पाहिले की "उत्तर चूक" हा शिक्का मनात बसतो आणि मग वरच्या ओळी त्याच नजरेने वाचल्या जातात. वरून खाली या. जी पहिली ओळ तिच्या वरच्या ओळीतून निघत नाही, तिथे थांबा. त्या ओळीला नाही, तर नेमक्या त्या चिन्हाला गोल करा. मग त्या ओळीपासून पुढे मुलाचाच आकडा धरून चला. यासाठी बाजूला एक कच्चा कागद लागतोच, कारण नमुना उत्तर आता उपयोगाचे राहत नाही.

आता याच प्रश्नाच्या पाच उत्तरपत्रिका पाहू. अशी उत्तरे कोणत्याही वर्गात सापडतील.

*पहिली उत्तरपत्रिका.* a, b, c बरोबर. पुढे (−5)² − 4(2)(−3) = 25 − 24 = 1. मग x = (5 ± 1)/4 आणि x = 3/2 किंवा x = 1.

पहिली चुकलेली जागा 25 नंतरचे उणे. किंमत ठेवणे बरोबर, म्हणून तो अर्धा मिळाला. 49 आले नाही, तो अर्धा गेला. इथून पुढे 1 हाच विवेचक धरायचा. सूत्र बरोबर, किमती बरोबर ठेवल्या, (5 + 1)/4 = 3/2 आणि (5 − 1)/4 = 1 हेही बरोबर. म्हणून पुढचे तिन्ही अर्धे मिळाले. एकूण अडीच.

काही सहकारी इथे शेवटचा अर्धा गुणही कापतात, कारण "मुळे चुकली". मला ते पटत नाही. त्या अर्ध्या गुणात आपण काय तपासत होतो? अधिक आणि उणे घेऊन दोन किमती काढता येतात का आणि अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देता येते का, हे. मुलाने दोन्ही केले. त्याच्या 1 ऐवजी 49 असते तरी त्याने हेच केले असते. चुकलेल्या चिन्हाची किंमत त्याने वर मोजली आहे.

*दुसरी उत्तरपत्रिका.* विवेचक 49 बरोबर. सूत्र बरोबर. पण किमती ठेवताना x = (−5 ± 7)/4, मग x = 1/2 किंवा x = −3.

चूक −b ची किंमत घेताना झाली. सूत्रात किमती ठेवण्याचा अर्धा गेला, बाकी सगळे मिळाले. एकूण पुन्हा अडीच.

गुण सारखेच असले तरी या दोन चुका एकसारख्या नाहीत. पहिल्या मुलाने घाईत उणे गुणिले उणे चुकवले असेल. दुसऱ्याने मधली −(−5) ही पायरी लिहिलीच नसेल, तर त्याला "−b म्हणजे पाचाच्या आधी उणे लिहायचे" असे वाटत असण्याची शक्यता आहे. उत्तरपत्रिकेवरून हे खात्रीने सांगता येत नाही, म्हणून गुणांत फरक करू नका. मात्र समासात वेगळा शेरा लिहा: पहिल्याला "(−)(−) पाहा", दुसऱ्याला "b स्वतः −5 आहे, मग −b किती?". दुसऱ्या मुलाने पुढच्या चाचणीतही हेच केले, तर ती निसटती चूक नाही, समजुतीतला दोष आहे, आणि तो गुण कापून सुटणार नाही.

*तिसरी उत्तरपत्रिका.* a, b, c बरोबर. मग −5² − 4(2)(−3) = −25 + 24 = −1. पुढे एकच वाक्य: "विवेचक ऋण आहे, म्हणून वास्तव मुळे नाहीत."

खरा कस इथे लागतो. चूक तेवढीच छोटी, एका कंसाची. पण तिने प्रश्नच बदलून टाकला. सूत्रात किमती ठेवणे, वर्गमूळ काढणे, दोन मुळे मिळवणे, हे सगळे काम करण्याची वेळच आली नाही. इथे "एकदाच कापा" या नियमाचा अर्थ "न केलेल्या कामाचे गुण द्या" असा होत नाही.

मी असे गुण देतो. a, b, c चा अर्धा. विवेचकात किमती ठेवण्याचा अर्धा. किमतीचा गेला. सूत्र लिहिले असेल तर त्याचा अर्धा, नसेल तर नाही. सूत्रात किमती ठेवण्याचा नाही, कारण ते काम झालेच नाही. शेवटचा अर्धा मात्र देतो, कारण हातात −1 आल्यावर त्याने जो निष्कर्ष काढला तो बरोबर आहे आणि त्याला अभ्यास लागतो. म्हणजे सूत्र लिहिले असेल तर दोन, नसेल तर दीड.

याच वाटेने आलेला दुसरा एक मुलगा √−1 = 1 धरून पुढे जातो आणि 3/2 व 1 अशी मुळे काढतो. ही दुसरी, स्वतंत्र चूक आहे, तिचे गुण वेगळे कापायचे. सूत्र लिहिले असले तरी किमती ठेवण्याचा आणि मुळांचा अर्धा त्याला मिळत नाही, कारण ती मुळे त्याच्या स्वतःच्या −1 मधून निघत नाहीत. त्याचे दीड होतात. वरकरणी त्याने जास्त लिहिलेले असते, म्हणून हात सैल सुटण्याची भीती असते. पण ज्याने −1 पाहून थांबायचे ओळखले, त्याला गणित जास्त कळले आहे.

एक छोटी गोष्ट: कुणी −5² असे कंसाशिवाय लिहिले पण किंमत 25 घेतली, तर गुण कापू नका. लिखाणातला दोष समासात दाखवा.

*चौथी उत्तरपत्रिका.* मुलाने समीकरणच 2x² − 5x + 3 = 0 असे उतरवून घेतले. a = 2, b = −5, c = 3. विवेचक 25 − 24 = 1. x = 3/2 किंवा x = 1.

शेवटचे उत्तर पहिल्या उत्तरपत्रिकेसारखेच आहे. नुसती शेवटची ओळ पाहणाऱ्याला हे दोघे वेगळे दिसणारच नाहीत. इथे चूक उतरवून घेताना झाली, पुढचे सगळे निर्दोष. c चुकल्यामुळे तुलनेचा अर्धा गेला, बाकी मिळाले. अडीच.

पण उतरवून घेताना झालेल्या चुकीबाबत प्रत्येक वेळी एक गोष्ट तपासा: बदललेले समीकरण मूळच्या इतकेच कठीण आहे का? इथे आहे. आता x² − 6x − 9 = 0 हे घ्या. त्याचा विवेचक 36 + 36 = 72, वर्गमूळ 6√2, मुळे 3 ± 3√2. शेवटचे चिन्ह चुकवून कुणी x² − 6x + 9 = 0 लिहिले, तर विवेचक शून्य आणि मूळ सरळ 3. √72 चे साधे रूप करण्याचे काम नाहीसे झाले. त्या कामासाठी योजनेत अर्धा गुण ठेवलेला असेल, तर तो देता येत नाही. मुलाला शिक्षा म्हणून नाही, तर त्याने ते करून दाखवले नाही म्हणून.

*पाचवी उत्तरपत्रिका.* c = 3 असे लिहिले. मग (−5)² − 4(2)(3) = 25 + 24 = 49. पुढे सगळे बरोबर, x = 3 किंवा x = −1/2.

उत्तर बरोबर आले, कारण दोन चुकांनी एकमेकींना झाकले. घाईत तपासले तर पूर्ण तीन गुण दिले जातात. पण ओळीवरून ओळ तपासली तर तुलनेचा अर्धा जातो, आणि −4(2)(3) वरून +24 येत नाही म्हणून किमतीचाही अर्धा जातो. एकूण दोन. चूक उत्तराच्या मुलाला अडीच आणि बरोबर उत्तराच्या मुलाला दोन, हे वर्गात समजावून सांगावे लागते. सांगा. चुकीच्या उत्तरातले बरोबर काम आपण मोजत असू, तर बरोबर उत्तरातले चुकीचे काम न मोजणे अन्यायाचे होईल.

मात्र c = 3 लिहून पुढे ठेवताना −4(2)(−3) लिहिले असेल, तर ते नुसते लिहिताना उणे राहून गेले आहे. मुलाने मनात −3 च धरले होते हे पुढच्या ओळीवरून सिद्ध होते. तिथे काही कापू नका.

चिन्ह हीच पद्धत असते तेव्हा

आतापर्यंत सगळीकडे चिन्हाची चूक ही अचूकतेची चूक होती. काही ठिकाणी तसे नसते, आणि हा फरक ओळखता आला नाही तर टप्प्यांचे गुण खिरापतीसारखे वाटले जातात.

एकसामयिक समीकरणांचे उदाहरण घेऊ: 5x − 3y = 8 आणि 3x + y = 2. दुसऱ्या समीकरणाला 3 ने गुणले की 9x + 3y = 6. आता −3y आणि +3y समोरासमोर आले, म्हणून बेरीज करायची. 14x = 14, x = 1, आणि y = 2 − 3 = −1.

एका मुलाने इथपर्यंत बरोबर येऊन शेवटी y = 2 − 3 = 1 लिहिले. उत्तर (1, 1). ही निसटती चूक आहे. दोन गुणांच्या प्रश्नात अर्धा गेला, दीड मिळाले.

दुसऱ्या मुलाने गुणाकार बरोबर केला, पण बेरजेऐवजी वजाबाकी केली आणि लिहिले −4x = 2, म्हणून x = −1/2. हीही चिन्हाचीच चूक वाटते, पण तशी ती नाही. वजाबाकी केली तर −3y − 3y = −6y उरते, y जात नाही. चलाचा लोप केव्हा बेरजेने होतो आणि केव्हा वजाबाकीने, हे ओळखणे हाच या पद्धतीचा गाभा आहे, आणि तोच चुकला. इथे गुणाकार करून सहगुणक समान केल्याचा अर्धा गुण द्यायचा. मिळालेला x दुसऱ्या समीकरणात ठेवून y बरोबर काढला असेल, तर त्याचाही अर्धा द्यायचा: x = −1/2 वरून 3x + y = 2 मध्ये y = 7/2 येते, ते तपासा. लोप करण्याचे गुण मात्र जातात.

तिसरा मुलगा वजाबाकी करून प्रामाणिकपणे −4x − 6y = 2 असे लिहितो आणि तिथेच अडकतो. त्यालाही सहगुणक समान केल्याचा अर्धा द्या. त्याने काही खोटे लिहिलेले नाही. समासात "बेरीज करून पाहा" एवढे लिहिले तरी त्याला पुरते.

हा फरक पटकन ओळखायचा तर स्वतःला विचारा: हे एक चिन्ह दुरुस्त करून दिले, तर मुलाच्या पुढच्या ओळींची रचना तशीच राहील का? पहिल्या मुलाच्या y = 1 ला उणे लावले की झाले. दुसऱ्याच्या "−4x = 2" मध्ये कोणतेही एक चिन्ह बदलून बरोबर ओळ मिळत नाही. पहिली अचूकतेची चूक, दुसरी पद्धतीची.

शाब्दिक उदाहरणे आणि अशक्य उत्तर

चार गुणांच्या शाब्दिक उदाहरणात एक जादा टप्पा असतो: आलेले उत्तर प्रश्नाला लागू पडते का ते पाहणे. आयताची लांबी रुंदीपेक्षा 4 मीटरने जास्त आणि क्षेत्रफळ 96 चौरस मीटर, तर लांबी-रुंदी काढा. रुंदी x धरली की x² + 4x − 96 = 0, (x + 12)(x − 8) = 0, रुंदी 8 आणि लांबी 12.

मधले पद फोडताना कुणी x² − 12x + 8x − 96 लिहिले, तर अवयव (x − 12)(x + 8) येतात, रुंदी 12 आणि लांबी 16. मी इथे पद फोडण्याचा अर्धा कापतो आणि साडेतीन देतो. रुंदी ऋण नसते म्हणून −8 सोडून दिल्याचे गुण त्याला मिळतात, कारण तो विचार त्याने केला.

पण "रुंदी −12 मीटर" असे उत्तर लिहून मुलगा मोकळा झाला असेल, तर ती वेगळी बाब आहे. मग ऋण किंमत वगळण्याचा अर्धा आणि अंतिम उत्तराचा अर्धा, दोन्ही जातात, वर चिन्ह चुकले असो वा नसो. हे "चुकीचा पुढचा परिणाम" म्हणून माफ होत नाही. ऋण रुंदी दिसल्यावर थांबणे हे त्या प्रश्नात स्वतंत्रपणे विचारलेले कौशल्य आहे. प्रश्नात "पडताळा घ्या" असे स्पष्ट म्हटले असेल तेव्हाही हेच: पडताळा जुळत नसताना "जुळतो" असे लिहिणाऱ्याचे ते गुण जातात, आणि "जुळत नाही, कुठेतरी चूक आहे" असे लिहिणाऱ्याला ते मिळायला हवेत.

जिथे हे लागू होत नाही

बहुपर्यायी आणि एक गुणाच्या प्रश्नांत टप्पे नसतात, तिथे हा खटाटोप करू नका. चौकटी भरायच्या कृतींमध्ये जरा थांबून पाहावे लागते. चाळीस गुणांच्या गणित भाग १ च्या पेपरात अशा कृती दोन गुणांच्याही असतात आणि तीन गुणांच्याही. कृतीत बऱ्याचदा पुढची ओळ छापलेलीच असते. एका चौकटीत मुलाने −3 ऐवजी 3 लिहिले आणि पुढच्या छापील ओळीत −3 ची खूण दिसत असेल, तर त्याच्या आकड्यावरून पुढे जाण्याचा प्रश्न उरत नाही. प्रत्येक चौकट स्वतंत्र तपासायची. पुढच्या चौकटी पूर्णपणे मुलाच्याच आधीच्या उत्तरावर अवलंबून असतील, तरच पुढचा परिणाम माफ करायचा.

एकाच प्रश्नात तीच सवय दोनदा दिसली, म्हणजे दोन ठिकाणी उणे गुणिले उणे उणेच केले, तर मी एकदाच कापतो. वेगळ्या प्रश्नात पुन्हा दिसली तर पुन्हा कापतो. याबाबत शिक्षकांत मतभेद आहेत. शाळेत एकच पद्धत ठरली असेल तर तिला धरून राहा, माझ्या मतापेक्षा ते महत्त्वाचे.

गठ्ठाभर एकच न्याय

वर्गात साठ मुले असतील तर पहिल्या दहांना दिलेले गुण आणि शेवटच्या दहांना दिलेले गुण यांत फरक पडतो, थकव्यामुळे आणि ओळखीच्या अक्षरांमुळेही. म्हणून एकेका मुलाचा पूर्ण पेपर तपासू नका. आधी सगळ्यांचा एकच प्रश्न तपासा, मग पुढचा प्रश्न घ्या. असे केले की "25 − 24" ही चूक लागोपाठ दिसते आणि तिला सारखेच गुण मिळतात.

शेजारी निर्णयांचा एक कागद ठेवा. नवी चूक दिसली की प्रश्न क्रमांक, चूक आणि दिलेले गुण एका ओळीत लिहा: "प्र. ३, 25 − 24 = 1, पुढे बरोबर: अडीच", "प्र. ३, −25 + 24, थांबला, सूत्र आहे: दोन". पुढच्या वेळी तीच चूक आली की विचार करू नका, कागद पाहा. एखादा निर्णय मध्येच बदलावासा वाटला तर बदला, पण मग मागच्या उत्तरपत्रिका पुन्हा काढून त्यांनाही तोच लावा. दोन तुकड्यांना दोन शिक्षक असतील, तर पहिल्या पाच-सहा उत्तरपत्रिका दोघांनी मिळून तपासाव्यात आणि हा कागद दोघांनी वापरावा.

उत्तरपत्रिकेवर खूण करतानाही शिस्त हवी. प्रत्येक मिळालेल्या अर्ध्या गुणासमोर बरोबरची खूण, चुकलेल्या चिन्हाला गोल, आणि ज्या ओळी मुलाच्या आकड्यावरून बरोबर मानल्या त्यांच्यासमोर "पु. ब.", म्हणजे पुढे बरोबर, एवढे पुरते. चुकलेल्या ओळीपासून खालपर्यंत तिरकी रेघ ओढू नका. ती रेघ पाहून मुलगा पुढचे सगळेच चुकले असे समजतो. शिवाय पुनर्तपासणीला आलेल्या दुसऱ्या शिक्षकाला गुण कुठून आले ते कळत नाही. शेवटी खुणा मोजून बेरीज करा. तीन गुणांच्या प्रश्नात पाच खुणा आणि एक गोल असेल तर अडीच. हा हिशेब जुळला नाही, तर एखादी ओळ बघायची राहिली आहे.

पेपर परत दिल्यावर मुले एकमेकांचे ताडून पाहतात आणि दोघे तुमच्याकडे येतात: "सर, उत्तर दोघांचे सारखेच, मग याला अडीच आणि मला दीड कसे?" अशा वेळी दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी ठेवा आणि दोन्हींतला पहिला गोल दाखवा. 3/2 आणि 1 हे उत्तर एकाने विवेचकाचे एक चिन्ह चुकवून काढलेले असते, दुसऱ्याने √−1 ला 1 म्हणून. आपली रचना नीट असेल तर मुलाला तो फरक तिथल्या तिथे दिसतो. नसेल दिसला आणि त्याचे म्हणणे योग्य ठरले, तर त्याचा अर्धा गुण वाढवा, निर्णयांच्या कागदावर ती ओळ दुरुस्त करा आणि तशीच चूक केलेल्या बाकीच्या उत्तरपत्रिकाही परत मागवून घ्या.